धुराडे व जाहिरात फलकाच्या तळाशी येणारे प्रतिबल

उंच धुराडे किंवा जाहिरात फलक यांच्या तळावर स्वतःच्या वजनामुळे दाब येतो, तर वाऱ्यामुळे नमन परिबल निर्माण होते. या दोहोंच्या एकत्र परिणामाने तळाच्या छेदावर येणाऱ्या प्रतिबलास तळाचे प्रतिबल म्हणतात. वाऱ्याकडील कडेला हे प्रतिबल दाब राहते की ताण होते, हे तपासणे हा संकल्पनाचा मुख्य भाग असतो. विटांचे बांधकाम दाब उत्तम सोसते. ताण मात्र जवळजवळ सोसत नाही.

सातारा व सांगली जिल्ह्यांत साखर कारखाने आणि कृष्णाकाठच्या वीटभट्ट्या यांमुळे धुराडी परिचित आहेत. आयएस ८७५ (भाग ३) या भारतीय मानकाच्या नकाशानुसार या पट्ट्यात वाऱ्याचा मूलभूत वेग ३९ मीटर प्रतिसेकंद धरतात. वळवाच्या पावसाआधीचे सोसाट्याचे वारे येथे विशेष लक्षात घ्यावे लागतात.

गणिताची पद्धत

वजनामुळे येणारे प्रतिबल W/A, तर वाऱ्यामुळे येणारे M/Z असते. येथे W वजन, A तळाचे क्षेत्रफळ, M नमन परिबल व Z छेद मापांक होय. वाऱ्याकडील कडेला W/A − M/Z आणि आडोशाच्या कडेला W/A + M/Z इतके प्रतिबल मिळते. पहिली संख्या ऋण आली, तर त्या कडेला ताण आहे असे समजावे.

एकसमान छेदाच्या धुराड्यात W/A हे केवळ घनता गुणिले उंची इतके असते. भिंत जाड केली तरी ते बदलत नाही. जाडी व व्यास यांचा लाभ मुख्यतः Z मधून मिळतो.

उदाहरण

३० मीटर उंच, बाहेरून ३ मीटर व आतून २ मीटर व्यासाचे विटांचे गोल धुराडे घेऊ. विटकामाचे वजन २० किलोन्यूटन प्रति घनमीटर धरल्यास तळाशी ६०० किलोपास्कल दाब येतो. ३९ मीटरच्या वेगाला उंचीचा गुणक लावल्यास वाऱ्याचा दाब माथ्याजवळ सुमारे १.१५ किलोपास्कल भरतो. सुरक्षिततेसाठी संपूर्ण उंचीवर १.२ घेऊ. गोल आकारावर वारा घसरून जातो, म्हणून ०.७ हा आकार गुणांक लावावा. वाऱ्याचे बल ७५.६ किलोन्यूटन येते आणि ते मध्यावर, म्हणजे १५ मीटरवर, कार्य करते असे मानल्यास परिबल १,१३४ किलोन्यूटन-मीटर होते. छेद मापांक २.१३ घनमीटर असल्याने नमनाचे प्रतिबल सुमारे ५३३ किलोपास्कल येते. वाऱ्याकडे ६७ व आडोशाला १,१३३ किलोपास्कल, असा दोन्हीकडे दाबच उरतो.

आता विटा वाचविण्यासाठी व्यास बाहेरून २.५ व आतून १.७ मीटर केला, तर वजनाचा दाब ६०० किलोपास्कलच राहतो. पण नमनाचे प्रतिबल सुमारे ७८४ वर जाते. वाऱ्याकडे १८४ किलोपास्कल ताण येतो. वजनाचा दाब उंचीच्या प्रमाणात, तर नमनाचे प्रतिबल उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे पहिल्या धुराड्यास ताणाविना सुमारे ३४ मीटर, तर दुसऱ्यास केवळ २३ मीटर उंची मिळते. जुन्या धुराड्यावर आणखी काही मीटर चढविण्याचा बेत याच कारणाने धोक्याचा ठरतो.

ताण आल्यावर वरील सूत्र तसेच वापरणे चूक ठरते. वाऱ्याकडील सांधे उघडतात, भार उरलेल्या लहान क्षेत्रावर जातो आणि आडोशाकडील खरा दाब गणितापेक्षा वाढतो. तळाजवळ वाऱ्याकडे विटांच्या थरांमधून जाणारी आडवी भेग ही त्याची खूण होय. समोरच्या बाजूस विटा फुटलेल्या दिसल्यास स्थिती अधिक गंभीर असते. आतील अग्निरोधक अस्तर सुटे असेल, तर ते A व Z मध्ये धरू नये. पायाखालची माती तर ताण मुळीच घेत नाही, म्हणून हीच तपासणी पायाच्या तळाशी पुन्हा करावी लागते.

जाहिरात फलक

फलकात वजन वाऱ्याला तोलू शकत नाही. ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच व जमिनीपासून ४ मीटर वर बसविलेल्या फलकावर, ०.९१ किलोपास्कल दाब व १.३ गुणांक धरल्यास, सुमारे २१ किलोन्यूटन बल व तळाशी ११७ किलोन्यूटन-मीटर परिबल येते. सांगाड्यासह वजन १० किलोन्यूटन मानले, तर उत्केंद्रता (M/W) ११.७ मीटर होते. खांबाच्या वाऱ्याकडील बाजूस ताण अटळ असतो. तो पोलादी खांब व नांगर-बोल्ट यांनी घ्यावयाचा असतो. वाऱ्याच्या दिशेने ३ मीटर रुंदीच्या आयताकृती पायाखाली ताण येऊ नये यासाठी उत्केंद्रता रुंदीच्या एक षष्ठांशात, म्हणजे अर्ध्या मीटरमध्ये, हवी. त्यासाठी एकूण २३४ किलोन्यूटन भार, म्हणजे सुमारे ९.३ घनमीटर काँक्रीट लागते; पायाच्या खोलीमुळे परिबल वाढत असल्याने प्रत्यक्षात त्याहून थोडे अधिक.

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात सुमारे १२० फूट रुंद व तेवढाच उंच फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. फलकाची प्रत्येक बाजू दुप्पट केल्यास वाऱ्याचे बल चौपट होते आणि खालची कडही त्याच प्रमाणात उंचावल्यास तळाचे परिबल किमान आठपट होते.