चौकट इंग्रजीची, अक्षरे अरबी : प्रस्तावना

छायाचित्रातल्या फलकावरचा मजकूर दुसऱ्या भाषेत न्यायचा आणि तो फलक त्याच भाषेत रंगवला होता असे वाटेल इतक्या सफाईने परत चित्रात बसवायचा, या कामाचा हा अभ्यास आहे. भाषांतर हाती आले की हे काम सुरू होते. जुनी अक्षरे पुसायची, त्यांच्याखालचा रंग भरून काढायचा, नवी अक्षरे जुळवायची आणि जागेवर बसवायची, असे त्याचे टप्पे आहेत. नव्या वाचकाने सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूळ मजकुराने व्यापलेली चौकट इंग्रजी लिपीच्या मापाने आखली गेलेली असते. त्या चौकटीत अरबी कोंबायची नसते. चित्रात मूळ मजकूर जे काम करत होता, ते अरबीकडून करवून घ्यायचे असते.

एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर घेऊ. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत एका संग्रहालयाचा फलक आहे. वर सुट्या-सुट्या मोठ्या लिपीतले शीर्षक, खाली डाव्या कडेला लावलेल्या दोन ओळी, मग दूरध्वनी क्रमांक आणि तळाशी प्रवेशद्वाराकडे बोट दाखवणारा बाण. छायाचित्र थोडे बाजूने काढलेले आहे.

पहिले काम पुसण्याचे. निळा रंग घेण्यासाठी चौकटीतल्या सगळ्या पिक्सेलांची सरासरी काढण्याचा मोह होतो, पण त्यात पांढरी अक्षरेही मिसळतात आणि रंग फिकट, दुधट येतो. म्हणून अक्षरांबाहेरची अरुंद पट्टी घ्यावी आणि तिचा मध्यक वापरावा. एखाद-दुसऱ्या भलत्या पिक्सेलने तो हलत नाही. जेपेग चित्रात रंगाची माहिती बहुधा प्रकाशमानापेक्षा कमी तपशिलाने साठवलेली असते, त्यामुळे अक्षरांभोवती पुसट प्रभा पसरलेली असते. पुसण्याचा मुखवटा अक्षरांच्या कडेपाशीच थांबला, तर जुन्या इंग्रजी शब्दाचे भूत मागे राहते. ते पाहायचे असेल तर चित्राचा कॉन्ट्रास्ट तात्पुरता खूप वाढवावा. उपाय म्हणजे मुखवटा काही पिक्सेल बाहेर फुगवणे. पत्र्यावर एका बाजूने ऊन असेल, तर एकच निळा चालत नाही. कडेच्या रंगांमधून हळूहळू बदलणारी छटा काढावी लागते. दगड किंवा लाकूड असेल, तर आजूबाजूचा पोत आत ओढून आणणाऱ्या पद्धती वापराव्या लागतात.

आता अक्षरे. अरबीत बहुतेक अक्षरांची शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी आणि एकटे असताना वेगवेगळी रूपे होतात. संगणकात अक्षर एकच साठवलेले असते. शेजार पाहून योग्य रूप निवडणे हे जुळणी-यंत्रणेचे काम असते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये, कारण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेणे आणि जोडाक्षर बांधणे हीसुद्धा त्याच यंत्रणेची कामे आहेत. पायथनच्या `Pillow` संग्रहात ही यंत्रणा `libraqm` मार्फत येते. ती हजर आहे की नाही हे `features.check("raqm")` सांगते. ती नसेल, तर अरबी अक्षरे सुटी-सुटी आणि डावीकडून उजवीकडे, म्हणजे उलट्या क्रमाने छापली जातात. त्यावर तोडगा म्हणून अनेक जण `arabic_reshaper` आणि `python-bidi` यांनी मजकूर आधीच फिरवून देतात. तो तोडगा यंत्रणा नसतानाच चालतो. दोन्ही एकत्र आले की फिरवलेला मजकूर पुन्हा फिरतो आणि शब्द उलटा होतो. अरबी न येणाऱ्यालाही यातला पहिला दोष ओळखता येतो: अक्षरांमध्ये फटी दिसल्या की काहीतरी बिघडले आहे. दुसरा दोष मात्र वाचणाऱ्यालाच कळतो.

फॉन्टची निवड याच्या पुढची. आपल्या फलकावरचे शीर्षक मोठ्या लिपीत आणि अक्षरांत अंतर ठेवून लिहिले आहे. अरबीत मोठी-लहान लिपी नाही, आणि अक्षरांत अंतर घातले तर जोड तुटतात. म्हणून ठळकपणा वजनातून आणावा. जाड, कोनेदार, कूफी वळणाच्या फॉन्टचे शीर्षक मूळ शीर्षकाचा रुबाब राखते. रुंदी भरायचीच असेल, तर जोडरेषा लांबवण्याची, कशीदा नावाची जुनी रीत आहे, पण ती एखाद्या शब्दात आणि बेतानेच वापरावी. खालच्या ओळींना साधा नस्ख शोभतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बुलाक छापखान्याच्या टंकावरून घडवलेला अमिरी फॉन्ट पुस्तकाच्या पानावर देखणा दिसतो, पण दुरून वाचायच्या पत्र्यावर त्याच्या बारीक रेषा विरतात. शिवाय सारख्याच पॉइंटला अरबी बहुधा लहान दिसते. साधारण दहा ते वीस टक्के वाढ आणि ओळींमध्ये जास्त जागा, इथून सुरुवात करावी. अरबीत एका ठिपक्याने ब होतो, दोन ठिपक्यांनी त. हे ठिपके एकमेकांत मिसळले की अक्षरच बदलते. म्हणून मजकूर मूळ चौकटीत मावतो का यापेक्षा ठिपके सुटे दिसतात का, ही आकार ठरवण्याची खरी कसोटी आहे.

मांडणीत डाव्या कडेच्या ओळी उजव्या कडेला जातात. मध्यभागी असलेले मध्यभागीच राहते. बाण मात्र हलवायचा नाही. पडद्यावरचा ‘पुढे जा’ हा बाण वाचनाच्या दिशेबरोबर फिरतो, पण फलकावरचा बाण खऱ्या दाराकडे बोट दाखवत असतो. पूर्ण चित्र आरशासारखे उलटवणारा पाहुण्याला भिंतीवर नेऊन आदळेल.

दूरध्वनी क्रमांकाचा सापळा याहून सूक्ष्म आहे. अरबी मजकुरातही आकडे डावीकडून उजवीकडेच वाचतात, पण ‘१२ ३४५ ६७८’ असे गट पाडले, तर मधल्या मोकळ्या जागा उजवीकडून डावीकडच्या ओळीची दिशा घेतात. परिणामी १२ उजवीकडे जातो, ६७८ डावीकडे येतो आणि प्रत्येक गट आतून बरोबर असूनही क्रमांक चुकीचा होतो. आकडे युरोपीय असतील, तर संपूर्ण क्रमांक `U+2066` आणि `U+2069` या अदृश्य चिन्हांत बंद केला, की तो जसाच्या तसा राहतो. आकड्यांचे रूपही प्रदेशानुसार ठरते: इजिप्तमध्ये पूर्वेकडचे अरबी आकडे सर्रास दिसतात, मोरोक्कोत युरोपीय.

शेवटी अक्षरे चित्रात मिसळायची. ती वेगळ्या थरावर, पूर्ण अपारदर्शक काढावीत. मग चौकटीच्या चार कोपऱ्यांवरून तो थर फलकाच्या कलानुसार वाकवावा आणि पारदर्शकता किंवा कडेची रेघ सगळ्यांत शेवटी द्यावी. अक्षरागणिक पारदर्शकता दिली, तर जिथे दोन अक्षरे एकमेकांवर येतात तिथे जोड अधिक अपारदर्शक होतो आणि एकसंध शब्दावर सांधे उमटतात. पांढराही शुद्ध पांढरा नसावा. जुन्या अक्षरांच्या गाभ्यातून घेतलेला असावा आणि त्यात छायाचित्राइतकीच धूसरता नि कण असावेत.

या विद्येची एक मर्यादा पाळलीच पाहिजे. ऐतिहासिक छायाचित्रातली पाटी हा पुरावा असतो. ती बदलून टाकण्याऐवजी भाषांतर चित्राखाली द्यावे. जिथे बदल करणे योग्य आहे, तिथे तयार चित्र मूळ न पाहिलेल्या अरबी वाचकाला दाखवून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे: शब्द, क्रमांक आणि दाराची दिशा. या तिन्ही गोष्टी तो न अडखळता सांगू शकला, तर मजकूर बसला. रंगातली उरलेली उणीव त्यानंतर दुरुस्त करता येते. वाचनातली चूक रंगाने झाकता येत नाही.