पाच आरसे की दोन?

एक लघुकोन त्रिकोण घ्या, ABC. त्याच्या प्रत्येक बाजूवर एकेक बिंदू निवडून आत छोटा त्रिकोण काढायचाय. अट एकच, त्याची परिमिती कमीत कमी हवी. कुठे घ्यायचे हे तीन बिंदू?

1775 मध्ये इटलीच्या जोव्हानी फान्यानोने कॅल्क्युलस वापरून उत्तर दिलं: तिन्ही शिरोलंब समोरच्या बाजूंना जिथे टेकतात, तिथे. पुढे जर्मन गणिती हेर्मान श्वार्त्सने कॅल्क्युलस पार बाजूला ठेवलं. त्याने अख्खा त्रिकोणच एकेका बाजूवर आरशासारखा उलटवला, ओळीने पाच वेळा. शेवटची बाजू पहिलीला समांतर येते. शिरोलंबांच्या त्रिकोणाची वाट या सहा त्रिकोणांतून सरळ रेषेत जाते, कारण त्याच्या कडा प्रत्येक बाजूशी दोन्हीकडे सारखाच कोन करतात. दुसऱ्या कुठल्याही त्रिकोणाची वाट तेवढंच अंतर वाकडीतिकडी कापते, म्हणजे लांबच पडणार. दोन्ही वाटा आपापल्या परिमितीच्या दुप्पट. झालं सिद्ध!

पण मंडळी, इथे उत्तर आधीच माहीत असावं लागतं. 1900 च्या सुमारास लिपोत फेयेर या हंगेरियन विद्यार्थ्याने दोनच आरशांत काम भागवलं, आणि उत्तर त्यातूनच बाहेर पडलं.

BC वर कुठलाही बिंदू D घ्या. त्याची AB आणि AC मधली प्रतिबिंबं D1 आणि D2. आतल्या त्रिकोणाची परिमिती म्हणजे D1 पासून D2 पर्यंतची, दोन्ही बाजूंना शिवून जाणारी वाट. ती सरळ असेल तेव्हा सगळ्यात कमी. आता AD1 आणि AD2 दोन्ही AD एवढेच, आणि त्यांच्यातला कोन A च्या दुप्पट. म्हणून

D1D2 = 2 × AD × sin A

A तर बदलत नाही. मग AD लहानात लहान हवा, म्हणजेच शिरोलंब! सर्वोत्तम त्रिकोण असा एकच निघतो. B आणि C कडून हाच हिशोब केला की उरलेले दोन बिंदूही तसेच ठरतात.

आकडे घालून बघू. AB = 13, BC = 14, CA = 15. A मधून शिरोलंब 12, आणि sin A = 56/65. परिमिती 2 × 12 × 56/65, म्हणजे सुमारे 20.68. बाजूंचे मध्यबिंदू जोडले तर 21 येते. फरक जेमतेम 0.32, त्यामुळे पट्टीने मोजून पटकन कळणार नाही.

आणि लघुकोनाची अट कशाला? A काटकोन झाला की D1D2 थेट A मधून जाते, विशालकोन झाला की A च्या पलीकडून, बाजूंना न शिवता. तेव्हा सगळ्यात छोटी वाट म्हणजे शिरोलंबावरून A पर्यंत जाऊन परत यायचं. त्रिकोण चपटा होऊन त्याची नुसती रेघ उरते. श्वार्त्सच्या आकृतीत ही अट शोधावी लागते, फेयेरच्या आकृतीत ती A पाशी समोरच दिसते.