दहा तास टिकलेला बदल : एलटीपीच्या शोधाचा इतिहास

१/ आठवण मेंदूत साठते, म्हणजे नेमके काय बदलते? चेतापेशींच्या जोडण्या वापराने बळकट होतात, असा तर्क १९४९ मध्ये डोनाल्ड हेब यांनी मांडला होता. तो तर्क प्रयोगात कसा उतरला आणि तो सिद्ध करणे इतके कठीण का गेले, यावर आजचा थ्रेड.

२/ स्थळ ऑस्लो, पेर आंदर्सन यांची प्रयोगशाळा. १९६६ मध्ये त्यांचे विद्यार्थी टेर्ये लोमो भूल दिलेल्या सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये विद्युत स्पंद देत होते. स्मृती हा त्यांचा विषय नव्हता. मात्र जलद स्पंदांची मालिका दिल्यानंतर पेशींचा प्रतिसाद बराच काळ वाढलेला राहतो, हे त्यांच्या ध्यानी आले.

३/ १९६८ मध्ये इंग्लंडहून टिम ब्लिस तेथे आले. त्यांना स्मृतीचाच शोध होता. दोघांनी मिळून रीतसर प्रयोग मांडला. हिप्पोकॅम्पसकडे जाणाऱ्या तंतूंना एकेक स्पंद देऊन आधी नेहमीचा प्रतिसाद मोजायचा, मग सेकंदाला १०० या गतीने ३-४ सेकंद, किंवा १०-२० या गतीने १०-१५ सेकंद स्पंद द्यायचे आणि पुन्हा एकेका स्पंदाने मोजत राहायचे.

४/ १८ पैकी १५ सशांत प्रतिसाद वाढला. ही वाढ अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत टिकली. काही सेकंदांच्या कारणाचा परिणाम तासन्‌तास उरत होता. यालाच पुढे लाँग-टर्म पोटेन्शिएशन, अर्थात एलटीपी, हे नाव रूढ झाले.

५/ १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोधनिबंध आजही वाचण्याजोगा आहे, तो त्यातील संयमामुळे. निकाल सरळसोट नव्हते. मोजलेल्या तिन्ही राशींत वाढ दिसली ती केवळ २९ टक्के प्रयोगांत. शिवाय लेखकांनी शेवटी स्पष्ट केले, की हा गुणधर्म कृत्रिम स्पंदांनी उघड झाला आहे. जिवंत, वावरणारा प्राणी त्याचा उपयोग करतो की नाही, हा प्रश्न वेगळा आहे.

६/ त्या प्रश्नाला हात घालायचा, तर एलटीपी थांबवण्याचे साधन हवे होते. ते १९८३ मध्ये ग्रॅहम कॉलिंग्रिज आणि सहकाऱ्यांच्या कामातून हाती आले. पेशीवरील एनएमडीए नावाचा ग्राहक एपी५ या रसायनाने रोखला, की नेहमीचा संदेश जातो, पण एलटीपी घडत नाही.

७/ असे का, हे लवकरच उलगडले. या ग्राहकाच्या वाटेत मॅग्नेशियमचे बूच असते. समोरच्या पेशीकडून ग्लुटामेट आले आणि त्याच वेळी ही पेशीही उत्तेजित असली, तरच बूच निघते, कॅल्शियम आत शिरते आणि जोडणी बळकट होण्याची प्रक्रिया सुरू होते. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्याची नोंद घेणारी ही रचना हेब यांच्या तर्काशी जुळणारी होती.

८/ १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत एपी५ सोडले आणि त्यांना गढूळ पाण्याच्या हौदात पोहायला लावले. पाण्याखाली दडलेला चौथरा शोधायचा होता. साध्या उंदरांनी जागा लक्षात ठेवली. चौथरा काढून घेतल्यावरही ते तेथेच घिरट्या घालत. एपी५ दिलेल्यांना ते साधले नाही. मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवरून योग्य चौथरा निवडणे तेही शिकले. म्हणजे शिकण्याची सगळीच शक्ती गेली नव्हती.

९/ प्रश्न मिटला? नाही. १९९५ मध्ये दोन गटांनी दाखवले, की उंदरांना अशा हौदाचा आधी सराव दिला असेल, तर हा ग्राहक रोखूनही ते नवी जागा बऱ्याच अंशी शिकतात. मग १९८६ च्या उंदरांना जागा आठवत नव्हती, की मुळात या हौदात काय करायचे हेच उमगत नव्हते? केवळ रसायनाने रोखून पाहण्याच्या पद्धतीची मर्यादा येथे उघडी पडली.

१०/ म्हणून उलट बाजूने तपास आवश्यक होता : नुसत्या शिकण्याने, बाहेरून स्पंद न देता, एलटीपी घडते का? २००६ मध्ये जोनाथन व्हिटलॉक, मार्क बेअर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एकाच प्रसंगातून धडा दिला : अंधाऱ्या खोलीत गेल्यास विजेचा झटका. हिप्पोकॅम्पसमध्ये बसवलेल्या अनेक इलेक्ट्रोडपैकी मोजक्याच ठिकाणी प्रतिसाद वाढला. त्याच ठिकाणी नंतर कृत्रिम स्पंद दिले, तेव्हा इतरांच्या तुलनेत कमी एलटीपी घडले. बळकट होण्याची जी क्षमता होती, तिचा काही भाग शिकण्याने आधीच वापरला होता.

११/ १९७३ च्या त्या सावध प्रश्नाला थेट होकार मिळायला अशी ३३ वर्षे लागली. आणि हा होकारही मोजक्या जोडण्यांपुरता, एका प्रकारच्या धड्यापुरता आहे. बदल इतक्या थोड्या ठिकाणी विखुरलेला असल्यामुळेच तो इतकी वर्षे हाती लागत नव्हता.