ओवी कुणाला ऐकू जात होती? जात्यावरच्या ओव्या इतिहासाचे साधन म्हणून कशा वाचाव्यात

१/ सदरमधील आमच्या गल्लीतल्या चक्कीवर पाच किलो ज्वारी काही मिनिटांत दळून होते. जात्यावर याच कामाला पहाटेचे काही तास लागत. त्या तासांतच ओवी जन्मली. #धागा

२/ दळण दोन प्रकारचे असे. एकटीचे, किंवा समोरासमोर बसून एकाच खुंट्याला दोघींनी हात लावलेले. मूठभर दाणे जात्याच्या तोंडात सोडणे म्हणजे वैरण घालणे. ओवीची लय या फिरण्याला आणि वैरणीच्या खंडाला बांधलेली आहे. एकीने ओळ उचलावी, दुसरीने पुरी करावी.

३/ समोर बसलेली ती दुसरी बहुधा सासू किंवा जाऊ असे. म्हणून सासरचे गाऱ्हाणे सरळ मांडता येत नसे. ते जात्याला सांगितले जाई, विठ्ठलाला सांगितले जाई, किंवा सीतेच्या वनवासाच्या आडून बोलले जाई. ओवी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा: हे कुणाला उद्देशून आहे, आणि कुणाला ऐकू जाते आहे?

४/ भावाचेच उदाहरण घेऊ. ओव्यांत त्याचे कौतुक अपार आहे. त्यामागे माया आहेच. पण वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४च्या दुरुस्तीनंतर मिळाला. तोवर आईवडिलांमागे माहेराचे दार उघडायचे की नाही, हे भावजय आणि भाऊ ठरवत. सणाला न्यायला येणारा भाऊ हाच तिचा आधार. त्यामुळे ही स्तुती आर्जवही आहे. भावजयीवरील टोमणे तिच्याच शेजारी का येतात, हेही मग उमगते.

५/ मात्र ओवी ही रोजनिशी नव्हे. पहिली ओळ पुष्कळदा ठरीव असते. ती आईकडून, शेजारणीकडून आलेली. गाणारीचे स्वतःचे बहुधा दुसऱ्या ओळीत उतरते: गावाचे नाव, लेकाचे नाव, एखादी घटना. म्हणून एकाच ओवीवरून निष्कर्ष काढू नये. तिची अनेक गावांतील रूपे शेजारी ठेवावीत; काय बदलले, ते पाहावे.

६/ असे करणे शक्य झाले ते हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्यामुळे. १९८०च्या दशकापासून पुण्याहून त्यांनी गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हा संग्रह आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतो.

७/ ओवीवर तारीख नसते, पण खूण असते. त्या संग्रहात डॉ. आंबेडकरांवरील ओव्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या नागपुरात धम्मदीक्षा झाली. बुद्ध आणि भीम यांची नावे एकत्र गुंफणारी ओवी बहुधा त्यानंतरची समजावी. तिची चाल मात्र जुन्याच दळणाची.

८/ आजी आठवून गात असेल, तर ध्वनिमुद्रण जरूर करा. पण एक विचारायला विसरू नका: ‘तेव्हा समोर कोण बसलं होतं?’