सुकन्या समृद्धीचे पासबुक कसे वाचावे : २५० रुपये, ५० रुपये दंड आणि ३१ मार्चचे व्याज

वस्तीत पासबुके तपासायला बसलो की एक वाक्य हमखास कानावर येते, "एक वर्ष चुकलं, खातं बंद पडलं, आता पैसे गेले." सुकन्या समृद्धी खात्याच्या बाबतीत हे खरे नाही. पण या समजामुळे किती तरी पालक पोस्टाची पायरी पुन्हा चढत नाहीत आणि खाते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. म्हणून आम्ही योजनेची सगळी माहिती देण्याऐवजी पासबुकातल्या तीनच नोंदींबद्दल लिहीत आहोत : वर्षाचा किमान भरणा, चुकलेल्या वर्षाचा दंड आणि व्याजाची जमा.

ही योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी आई-वडील किंवा कायदेशीर पालक तिच्या नावे पोस्टात किंवा ठरावीक बँकांत खाते उघडतात. सुरुवातीला वर्षाला किमान १००० रुपये भरावे लागत. २०१८ मध्ये ही रक्कम २५० वर आली. एका वर्षात जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. पैसे भरायचे ते खाते उघडल्यापासून १५ वर्षे, आणि खाते पूर्ण होते २१ वर्षांनी. मधली सहा वर्षे काही भरावे लागत नाही, व्याज मात्र चालू राहते.

चूक होते ती 'वर्ष' या शब्दात. पालक खाते उघडल्याच्या तारखेपासून किंवा मुलीच्या वाढदिवसापासून वर्ष मोजतात. पोस्ट मोजते ते १ एप्रिल ते ३१ मार्च. आमच्याकडे आलेल्या एका आईचे खाते फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडलेले होते. दुसरा भरणा १ मार्च २०२२ चा आणि तिसरा भरायला ती गेली १० एप्रिल २०२३ रोजी. तिच्या मनात, "मागच्या मार्चात भरले, आता एप्रिल आहे, एखादा महिना इकडेतिकडे." पण पहिला भरणा २०२०-२१ मध्ये पडला, दुसरा २०२१-२२ मध्ये, आणि तिसरा थेट २०२३-२४ मध्ये गेला. मधले २०२२-२३ पूर्ण कोरे. दोन भरण्यांत अंतर तेरा महिन्यांचे, तरी एक अख्खे वर्ष चुकले.

असे खाते 'डिफॉल्ट'मध्ये जाते, बंद होत नाही. ते नियमित करायला प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे किमान २५० आणि वर्षामागे ५० रुपये दंड भरावा लागतो. त्या आईला चुकलेल्या वर्षाचे ३०० आणि चालू वर्षाचे किमान २५०, असे ५५० रुपये लागले. त्यातले ५०० मुलीच्या खात्यात जमा झाले, दंडाचे ५० गेले. चार वर्षे चुकली असती तर १००० थकबाकी, २०० दंड आणि चालू वर्षाचे २५०, म्हणजे १४५० लागले असते. ही दुरुस्ती खाते उघडल्यापासून १५ वर्षे पूर्ण होईपर्यंत कधीही करता येते. तिच्या बाबतीत ती मुदत फेब्रुवारी २०३६ पर्यंत आहे.

दंड न भरता खाते तसेच राहिले तर काय? आधीच्या नियमांत अशा खात्याला फक्त पोस्टाच्या बचत खात्याचे व्याज मिळे. त्यामुळे "चुकलं की व्याज गेलं" ही समजूत पसरली, आणि काही जुन्या माहितीपत्रकांत ती अजून छापलेली दिसते. २०१९ च्या नियमांनी हे बदलले. आता आधी जमा असलेल्या रकमेला योजनेच्या दरानेच व्याज मिळते. नुकसान होते ते वेगळेच : चुकलेल्या वर्षाचे पैसे आज भरले तर त्यांच्यावर व्याज आजपासून सुरू होते, मागची वर्षे मिळत नाहीत.

आता व्याज. दर सरकार दर तिमाहीला जाहीर करते. जानेवारी २०२४ मध्ये तो ८.२ टक्के झाला आणि २०२४-२५ हे पूर्ण वर्ष तोच राहिला. व्याजाचा हिशोब महिन्याचा असतो : ५ तारखेचे कामकाज संपल्यापासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर. रक्कम मात्र वर्षातून एकदाच, आर्थिक वर्षाच्या अखेरीस जमा होते. म्हणून ५ तारखेपर्यंत भरलेल्या पैशाला त्या महिन्याचे व्याज मिळते, ६ तारखेला भरलेल्याला पुढच्या महिन्यापासून. वर्षाचे ६००० रुपये ३ एप्रिलला भरले तर त्यांच्यावर ४९२ रुपये व्याज येते. तेच २८ मार्चला, "वर्ष संपायच्या आत भरले" म्हणून भरले, तर त्या वर्षी एक रुपयाही नाही. आपल्याकडे जयंतीला मुलीच्या नावे पैसे टाकण्याची चांगली रीत काही घरांत आहे. तेवढेच पैसे १४ ऐवजी ५ एप्रिलच्या आत भरले तर एप्रिलचेही व्याज मिळेल. (१४ तारखेला पोस्टाला सुट्टीच असते, ती वेगळी गोष्ट.)

व्याजाच्या ओळीचा आणखी एक उपयोग आहे, आणि आमच्या मते तो सर्वांत मोठा. खेड्यात, वस्तीत बऱ्याचदा पैसे कुणाच्या तरी हाती दिले जातात आणि पासबुकात हाताने आकडा लिहून मिळतो. तो आकडा पोस्टाच्या संगणकात चढला का, हे व्याजावरून कळते. एका पासबुकात १ एप्रिल २०२४ ला शिल्लक १२,००० होती. ४ एप्रिलला ३००० भरले आणि १० ऑक्टोबरला २००० ची हाताने केलेली नोंद होती, शिक्का पुसट. १५,००० वर वर्षाचे व्याज १२३० होते. ऑक्टोबरचे २००० नोव्हेंबरपासून धरले तर पाच महिन्यांचे ६८ रुपये. एकूण १२९८ यायला हवे होते. छापून आले १२३०. एखाद-दोन रुपयांचा फरक पूर्णांकाचा असू शकतो, ६८ चा नव्हे. ते २००० खात्यात पोहोचलेच नव्हते. पावती जपून ठेवलेली होती म्हणून वडिलांना मुख्य कार्यालयात लेखी तक्रार देता आली. पावती नसती तर फक्त तोंडी वाद उरला असता. म्हणून एप्रिलमध्ये पासबुक छापून घ्यावे, नोंदीशेजारी तारखेचा शिक्का पाहावा आणि व्याजाचा एवढा हिशोब कागदावर करून पाहावा. दहावीतली मुलगी तो सहज करते, तिलाच करू द्यावा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फक्त २५० भरत राहिले तर खाते जिवंत राहते, पण त्यातून शिक्षण होत नाही. पंधरा वर्षांत भरले जातात ३७५०, आणि आजचा दर कायम राहिला असे धरले तरी २१ वर्षांनी हातात येतात सुमारे १२ हजार. ज्या घरात ऊसतोडीचे किंवा बांधकामाचे पैसे हंगामात येतात, त्यांनी एप्रिलच्या सुरुवातीला २५० भरून वर्ष सुरक्षित करावे आणि हंगामाचे पैसे आले की ५० च्या पटीत जमेल तेवढे टाकावेत. मात्र घरात आजारपणासाठी लागणारी रक्कम यात अडकवू नये, कारण मध्येच खाते बंद करण्याची मुभा पाच वर्षांनंतर आणि फारच गंभीर कारणांसाठी आहे, जसे मुलीचा जीवघेणा आजार किंवा पालकाचा मृत्यू.

लोक याला 'लग्नाचे खाते' म्हणतात. नियम पाहिले तर मुलगी दहावी पास झाली किंवा १८ वर्षांची झाली, यांतले जे आधी होईल तेव्हापासून, शिक्षणासाठी मागील आर्थिक वर्षाच्या अखेरच्या शिलकेतले निम्म्यापर्यंत पैसे काढता येतात. त्यासाठी प्रवेशाचा आणि फीचा कागद लागतो. आणि १८ पूर्ण झाल्यावर खाते चालवण्याचा अधिकार पालकाकडून मुलीकडे येतो. तिची स्वतःची कागदपत्रे दिल्यावर सही तिचीच चालते, वडिलांची नाही.