लसूणघास

(घास, लुसर्न, विलायती गवत, हिं. रिजका, गु. रजको; लॅ. मेडिकॅगो सॅटायव्हा, कुल–लेग्युमिनोजी). अनेक वर्षे टिकणारे द्विदल वर्गातील चाऱ्याचे पीक. मूळ प्रदेश इराण व त्याच्या आसपासचा. लॅटिन नावातला ‘मेडिका’ हा अंश मीडिया या प्राचीन प्रदेशावरून आला. लसणाशी या पिकाचा काही संबंध नाही. ‘लुसर्न’ या शब्दाचे बोलण्यात ‘लसूण’ झाले असे मानतात. अहिल्यानगर व नाशिक भागांत नुसते ‘घास’ म्हटले तरी हेच पीक समजले जाते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आर. एल.–८८ हा बहुवर्षायू वाण राज्यात लावला जातो; आनंद–२ आणि सिरसा–९ हे वाणही आढळतात.

जमीन व पेरणी : मध्यम ते भारी, पण निचऱ्याची जमीन लागते. मुळे खोल जातात, त्यामुळे पाणी साचणाऱ्या चोपण जमिनीत पीक पहिल्या पावसाळ्यातच विरळ होते. पेरणी ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये करतात. त्या थंडीत रोपे सावकाश वाढतात, पण तणेही कमी असतात. हेक्टरी २५ किलो बी, म्हणजे दहा गुंठ्यांना अडीच किलो, ३० सेंमी. अंतरावरील ओळींत दीड सेंमी.पेक्षा खोल जाणार नाही असे पेरतात. बी फार बारीक असल्याने खोल पडले तर उगवत नाही. ज्या शेतात पूर्वी घास नव्हता तिथे बियाण्याला या पिकाच्या ऱ्हायझोबियम जिवाणूचे संवर्धन चोळणे आवश्यक आहे. हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे पाकीट इथे चालत नाही. गाठी नीट धरल्या की नत्राची गरज थोडीच राहते, स्फुरदाची मात्र वारंवार पडते. वरखताच्या मात्रांबाबत शिफारशी एकसारख्या नाहीत.

अमरवेल : घासाचा खरा शत्रू कीड नव्हे, ही पिवळ्या दोऱ्यांसारखी परोपजीवी वेल होय. ती बहुधा बियाण्यातूनच शेतात येते. घासाचे बी मूत्रपिंडाच्या आकाराचे, पिवळसर व चकचकीत असते. अमरवेलीचे त्याहून बारीक, गोलसर, खरबरीत व मातकट असते. मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाने पाहिले तर फरक कळतो. शेतात वेल दिसली की तो ठिगळासारखा भाग, भोवतीच्या फूटभर निरोगी पिकासह, जमिनीलगत कापून तिथेच जाळावा. फुले येण्याआधी हे झाले पाहिजे, कारण अमरवेलीचे बी जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहते. बी धरलेली वेल जनावरांना घातल्यास ते शेणातून न पचता बाहेर पडते आणि शेणखताबरोबर पुन्हा शेतात येते.

पाणी : पेरल्याबरोबर हलके पाणी, तिसऱ्या–चौथ्या दिवशी आंबवणी. पुढे हिवाळ्यात साधारण १० ते १२ दिवसांनी, उन्हाळ्यात ६ ते ८ दिवसांनी पाणी देतात. हलक्या जमिनीत ही अंतरे आणखी कमी होतात. कापणीनंतर वाफा तुडुंब भरून ठेवू नये. उन्हात ताज्या कापलेल्या बुडख्यांवर पाणी साचले की बुडखे कुजतात. पाऊसकाळात पाणी देण्यापेक्षा काढून देण्याचीच गरज अधिक असते.

कापणी : पहिली कापणी ५० ते ६० दिवसांनी, त्यापुढील सुमारे २५ दिवसांनी करतात, हिवाळ्यात अंतर थोडे वाढते. तारखेपेक्षा बुडख्यावरची खूण पाहणे खात्रीचे. तिथे बोटभर नवे फुटवे दिसू लागले आणि शेतात दहापैकी एखाद्या झाडाला जांभळी फुले आली की कापणीची वेळ झाली. त्याआधी वारंवार कापल्यास मुळांतील साठा भरून येत नाही, बुडखे मरतात आणि मोकळ्या जागी हरळी शिरते. फुले भरपूर येईपर्यंत थांबल्यास खोड लाकडासारखे होऊन प्रथिने घटतात. विळा जमिनीपासून ६ ते ८ सेंमी. वर चालवावा. चांगल्या व्यवस्थापनात वर्षाला १० ते १२ कापण्या मिळतात व पीक तीनेक वर्षे टिकते.

तीन गाई असलेल्या कुटुंबासाठी दहा गुंठ्यांचा हिशेब असा मांडता येतो. क्षेत्राचे ४ × १० मी. आकाराचे २५ वाफे पाडून रोज एकच कापावा. एका कापणीत हेक्टरी ८ टन उत्पन्न धरले तर एका वाफ्यातून रोज ३२ किलो घास निघतो, म्हणजे गाईमागे दहा किलोंच्या आसपास. शेवटचा वाफा कापून होईतो पहिला पुन्हा तयार असतो. पावसाळ्यात हे गणित बिघडते. तेव्हाची तूट मका किंवा गिनी गवताने भरून काढावी लागते.

खाऊ घालण्याची मर्यादा : हिरव्या घासात सुमारे २० टक्के शुष्कांश असतो आणि त्या शुष्कांशात साधारण २० टक्के प्रथिने. म्हणून दहा किलो घासातून गाईला सुमारे ४०० ग्रॅम प्रथिने मिळतात. ४०० किलो वजनाच्या, दिवसाला दहा लिटर दूध देणाऱ्या गाईच्या गरजेचा हा जवळपास तिसरा हिस्सा आहे. तरीही दहा किलोंवर सहसा जाऊ नये. काही शिफारशी १५ किलोंपर्यंत मुभा देतात, पण ती भरपूर कडब्यासोबतच. जास्तीची प्रथिने दुधात जात नाहीत. ऊर्जा अपुरी असेल तर त्यांचा युरिया होऊन ती मूत्रावाटे निघून जातात.

मर्यादेचे मोठे कारण पोटफुगी हे आहे. कोवळ्या, दवाने भिजलेल्या घासाने कोठीपोटात घट्ट फेस होतो आणि वायू त्यात अडकून ढेकर बंद होते. फेस नेमका कशाने होतो याबद्दल मते वेगळी आहेत. विद्राव्य प्रथिनांवरचा ठपका अधिक मान्य आहे. डावी भकाळी फुगून कण्याच्या बरोबरीला येणे, गाईने पोटाकडे लाथा मारणे आणि तोंड उघडून श्वास घेणे ही लक्षणे. खाल्ल्यानंतर तासाभरातही हे घडू शकते. खाद्यतेल पाजल्याने फेस फुटतो, मात्र जीभ ओढून किंवा मान फार उंच करून पाजल्यास तेल फुप्फुसात जाते. पशुवैद्याला बोलावण्यात उशीर करू नये. उपाशी गाईपुढे घास कधीच टाकू नये. आधी कडबा, मग घास. कापलेला घास चार–पाच तास सुकवून, कुट्टीत मिसळून देतात. नव्याने सुरू करताना दोन किलोंपासून आठ–दहा दिवसांत वाढवत जावे.

घासात कॅल्शियम व पोटॅशियम भरपूर, स्फुरद कमी. विण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत तो जवळपास बंद करतात, नाहीतर विल्यानंतर दुग्धज्वराचा धोका वाढतो.

कीड : मावा व पाने खाणाऱ्या अळ्या, बहुधा वेळेआधी कापणी करून भागते.

बीजोत्पादन : परागण मधमाश्यांवर अवलंबून असते.