‘आम्हाला’ पण ‘मुलांना’: एका अभ्यासाची प्रस्तावना

शाळेत पाठ केलेला विभक्तीचा तक्ता बहुतेकांना आठवत असेल. द्वितीया आणि चतुर्थीसमोर एकवचनात ‘स, ला, ते’ आणि अनेकवचनात ‘स, ला, ना, ते’ असे प्रत्यय दिलेले असतात. पाठ करताना एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही: अनेकवचनासाठी ‘ना’ आहे, तर त्याच रकान्यात ‘ला’ का आहे? आपण ‘मुलांना’ म्हणतो, ‘त्यांना’ म्हणतो. ‘मुलांला’ किंवा ‘त्यांला’ म्हणत नाही. मग अनेकवचनी ‘ला’ कुठे वापरला जातो?

उत्तर रोजच्या बोलण्यात आहे. ‘आम्हाला’ आणि ‘तुम्हाला’ ही अनेकवचनी रूपे आहेत आणि त्यांना ‘ला’ लागतो. ‘आम्हांना’, ‘तुम्हांना’ ही रूपे प्रमाण मराठी बोलणाऱ्याच्या कानाला खटकतात. म्हणजे ‘एकवचनात ला, अनेकवचनात ना’ हा नियम नामांना आणि तृतीय पुरुषी सर्वनामांना चालतो. प्रथम आणि द्वितीय पुरुषाशी आला की थांबतो. तो तिथेच का थांबतो, हे या अभ्यासातले सर्वांत चांगले प्रवेशद्वार आहे, असे मला वाटते. नव्याने या विषयात येणाऱ्या वाचकाला मी तिथूनच आत नेणार आहे.

आधी सामान्यरूपाकडे पाहू, कारण मराठीत प्रत्यय मूळ शब्दाला क्वचितच थेट लागतो. ‘मुलगा’चे सामान्यरूप एकवचनात ‘मुला-’ आणि अनेकवचनात ‘मुलां-’. ‘मुलगी’चे ‘मुली-’ आणि ‘मुलीं-’. ‘तो’चे ‘त्या-’ आणि ‘त्यां-’. या जोड्यांत फरक आहे तो फक्त अनुस्वाराचा, आणि तो अनुस्वार फार जुना आहे. संस्कृतातल्या षष्ठीच्या अनेकवचनी ‘-आनाम्’चे प्राकृतात ‘-आणं’ झाले आणि मराठीपर्यंत येताना त्यातले अनुनासिकच काय ते उरले. एके काळी हे अनुनासिक नाकातून स्पष्ट उच्चारले जाई आणि ऐकणाऱ्याला एक मूल की अनेक मुले हे त्यावरून कळे. प्रमाण मराठीच्या उच्चारातून मात्र असे नाकातले स्वर जवळजवळ गेले.

आता ‘ला’ लावून पाहा. एकवचनी ‘मुलाला’, अनेकवचनी ‘मुलांला’. अनुनासिक उच्चारले नाही, तर दोन्ही रूपे कानाला एकच. ‘त्याला’ आणि ‘त्यांला’ यांचेही तसेच. एकोणिसाव्या शतकातल्या छापील गद्यात ‘त्यांला’, ‘लोकांला’ अशी रूपे आढळतात. तक्त्याच्या अनेकवचनी रकान्यातला ‘ला’ त्या वापराचीही आठवण ठेवून आहे. पुढे ही रूपे मागे पडली आणि ‘ना’ रूढ झाला. ‘मुलांना’ हा शब्द आपण प्रत्यक्षात ‘मुलान्ना’ असा उच्चारतो. अनुस्वार प्रत्ययाच्या ‘न’मध्ये मिसळतो आणि अनेकवचन कानाला स्पष्ट कळते.

‘आम्हाला’ला या मदतीची गरज नाही, कारण ‘आम्हा-’ला एकवचनी जुळे भावंड नाही. ‘मी’चे रूप ‘मला’, ‘तू’चे ‘तुला’. त्यांचा ‘आम्हा-’, ‘तुम्हा-’ यांच्याशी गोंधळ होणे शक्य नाही. अनेकवचन शब्दाच्या अंगातच आहे, म्हणून जुना ‘ला’ तिथे टिकला. अशी माझी मांडणी आहे. ती तपासून पाहता येते, आणि तपासण्याच्या वाटा दाखवणे हेच या प्रस्तावनेचे काम आहे.

पहिली वाट बोलींची. वऱ्हाडीत ‘मले’, ‘तुले’, ‘आमाले’ आणि ‘पोराले’ म्हणतात. अनेकवचनात ‘ले’ बदलत नाही. बदलते ते सामान्यरूप, ‘पोरायले’. अहिराणीत ‘त्याले’चे अनेकवचन ‘त्यासले’ होते. तिथे मध्ये ‘स’ येतो आणि प्रत्यय तोच राहतो. गोव्याच्या कोकणीत ‘भुरग्याक’ म्हणजे मुलाला आणि ‘भुरग्यांक’ म्हणजे मुलांना. कोकणीने नाकातला स्वर जपला आहे, म्हणून तिला दोन्ही वचनांना एकच ‘क’ पुरतो. चारही ठिकाणी एक आणि अनेक यांतला फरक ऐकू येतो. कोकणीत तो स्वरात आहे, वऱ्हाडीत सामान्यरूपात, अहिराणीत मधल्या व्यंजनात आणि प्रमाण मराठीत प्रत्ययात. जिथे हा फरक दुसरीकडे सांभाळला गेला, तिथे वेगळा ‘ना’ लागला नाही.

दुसरी वाट प्रमाण मराठीतल्याच इतर सर्वनामांची. ‘आपण’चे रूप ‘आपल्याला’ होते. माणसे अनेक असली तरी ‘आपल्याला उशीर होतोय’ असेच आपण म्हणतो. ‘आपल्यांना’ हा शब्दही भाषेत आहे, पण त्याचा अर्थ वेगळा: आपल्या माणसांना. तिथे ‘आपले’ हा शब्द नामासारखा वापरला आहे आणि नाम झाल्याबरोबर त्याला ‘ना’ लागला आहे. ‘कोण’ची रीत आणखी निराळी. लग्नाची यादी करताना आपण ‘कोणाकोणाला बोलवायचं?’ असे विचारतो. अनेकवचन द्विरुक्तीने दाखवले जाते आणि प्रत्यय ‘ला’च राहतो. म्हणजे अनेकवचन आधीच कुठे तरी व्यक्त झाले असेल, तर सर्वनामांत ‘ला’ निर्धास्त वावरतो.

या मांडणीला मर्यादाही आहे आणि ती इथेच सांगितलेली बरी. ‘शाळा’ची सामान्यरूपे ‘शाळे-’ आणि ‘शाळां-’, ‘नदी’ची ‘नदी-’ आणि ‘नद्यां-’. अनुनासिक गेले तरी ही रूपे वेगळीच राहतात, घोटाळा होण्याचे कारण नाही. तरीही आपण ‘शाळांना’, ‘नद्यांना’ असेच म्हणतो. तेव्हा घोटाळा टाळण्याची गरज हे फार तर ‘ना’ रुजण्याचे कारण असेल. एकदा रुजल्यावर तो सगळ्या नामांचा अनेकवचनी प्रत्यय झाला. आज तर त्याला अनुस्वाराचीही गरज उरलेली नाही. ‘मॅडमना विचार’, ‘बसेसना उशीर झाला’ या वाक्यांत सामान्यरूप मुळीच बदललेले नाही. अनेकवचनाचा किंवा आदराचा सगळा भार एकटा ‘ना’ उचलतो.

आता एक वाक्य सावकाश वाचू: ‘आजीने आम्हा मुलांना आजोबांना जेवायला बोलवायला पाठवलं.’ घरात सहज ऐकू येणाऱ्या या वाक्यात आपला बहुतेक विषय सामावला आहे. ‘आम्हा मुलांना’ या पदबंधात प्रत्यय एकदाच आला आहे, शेवटच्या शब्दाला. ‘आम्हा’ नुसत्या सामान्यरूपात उभा आहे. एकटा असता तर त्याने ‘ला’ घेतला असता. ‘मुले’ हे नाम शेवटी आल्याने प्रत्यय ‘ना’ झाला. म्हणजे पदबंध कितीही लांबला, तरी निवड त्याचा शेवटचा शब्द करतो. ‘तुम्हा सगळ्यांना’, ‘आम्हा दोघींना’ हेही तसेच.

पुढे ‘आजोबांना’. आजोबा एकच आहेत, पण आदरार्थी अनेकवचनामुळे ‘ना’ आला. आदराचा हा नियम नात्यांवर सरसकट बसत नाही. आपण ‘वडिलांना’, ‘बाबांना’, ‘काकांना’ म्हणतो, पण ‘आईला’. जिला ‘तू’ म्हणतो, तिला ‘ला’ लागतो. दवाखान्यात बसलेल्या एकाच डॉक्टरांबद्दलही आपण ‘डॉक्टरांना दाखवून ये’ म्हणतो. तेव्हा ‘ना’ दिसला की माणसे मोजू नयेत. बोलणाऱ्याचे नातेही पाहावे.

‘जेवायला’ आणि ‘बोलवायला’ यांत ‘ला’ क्रियापदाला लागला आहे आणि तो हेतू सांगतो. मुले कितीही असोत, तिथे ‘ना’ कधीच येत नाही. शेवटी ‘पाठवलं’. आजी स्त्रीलिंगी, मुले अनेक, तरीही क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी आहे. ‘आजीने आंबे पाठवले’ या वाक्यात क्रियापद आंब्यांप्रमाणे बदलते, कारण ‘आंबे’ला प्रत्यय नाही. ‘मुलांना’तल्या ‘ना’ने ते नाम क्रियापदाच्या पकडीतून सोडवले, ज्याच्याशी जुळवून घ्यावे असे पद वाक्यात उरले नाही, म्हणून क्रियापद ‘पाठवलं’वर स्थिरावले. हा प्रत्यय कर्माला केव्हा लागतो, हाही अभ्यासाचाच भाग आहे. माणसांना तो सहसा लागतो, वस्तूंना सहसा नाही: ‘मुलांना आणलं’, पण ‘आंबे आणले’.

‘मला भूक लागली’, ‘मुलांना आंबे आवडतात’ अशी वाक्ये या विषयाचा दुसरा मोठा भाग आहेत. इथे क्रियापद आंब्यांप्रमाणे चालते. पण ‘मुलांना आपली शाळा आवडते’ असे म्हटले की ‘आपली’ हा शब्द मुलांकडे वळतो, जसा तो एरवी कर्त्याकडे वळतो. मग ‘मुलांना’ला कर्ता म्हणायचे की नाही? पाठ्यपुस्तकी तक्त्यात याचे उत्तर मिळत नाही, आणि आधुनिक भाषाभ्यासकांनी या रचनेवर खूप लिहिले आहे.

वाचकाने पुढे जाताना एक सावधगिरी बाळगावी. लिखित अनुस्वार हा उच्चाराचा पुरावा नव्हे. 1962 साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले बहुतेक अनुस्वार काढले, पण अनेकवचनी सामान्यरूपावरचा राखला. म्हणून ‘नागरिकास’ आणि ‘नागरिकांस’ यांतला भेद कागदावर दिसतो, मोठ्याने वाचताना अनेकदा नाही. त्याच नियमाने ‘तुम्हांला’वरही अनुस्वार हवा, पण वापरात तो जवळजवळ गळला आहे, आणि या लेखनातही मी रूढ ‘तुम्हाला’च ठेवले आहे. तेव्हा उदाहरणे गोळा करताना बोललेले आणि लिहिलेले वेगवेगळे नोंदवावे, आणि ‘तुम्ही काय म्हणता?’ असे थेट न विचारता माणसांना काही सांगू द्यावे. थेट विचारले की माणूस शाळेतले रूप सांगतो.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 साली आले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. दोन्ही जवळ ठेवून वाचावीत, आणि दामल्यांची चर्चा विशेष सावकाश. त्याआधी मात्र आपल्या घरातली, गावातली रूपे टिपून घ्यावीत: ‘मी’, ‘आम्ही’, ‘तो’, ‘ते’, एक मूल, अनेक मुले, आई आणि वडील. या आठ रूपांवरून तुमची बोली एक आणि अनेक यांतला फरक कुठे ठेवते हे समोर येईल, आणि वर मांडलेला तर्क तुमच्या बोलीत टिकतो की नाही, हे तुम्हाला स्वतः ठरवता येईल.